फुटल्यावर घातलेला बांध

१

सोमवारी दुपारी नारायण पेठेतल्या आदिकथा अभ्यास मंडळात एक पाकीट उघडलं गेलं. त्यात जे असायला हवं होतं ते नव्हतं, आणि जे नसायला हवं होतं ते होतं. असायला हवं होतं ध्वनिमुद्रणाचं नखाएवढं कार्ड. निघाले ते टंकलेखन केलेले दोन कागद.

मंडळाचा नियम जुना आहे. वार्षिकात लेख छापायचा तर त्याचा पुरावा आधी मंडळाच्या कपाटात ठेवायचा, आणि छपाईआधी तो चार जणांसमोर ताडून बघायचा. लेख होता आम्रपाली ओव्हाळ या अठ्ठावीस वर्षांच्या संशोधक विद्यार्थिनीचा. विषय, एका निर्मितिकथेची दोन वाचनं. कागदांवरची कथा मात्र तिच्या लेखातल्या कथेशी जुळेना. घटनांचा क्रम वेगळा, शेवट तर थेट उलटा. संध्याकाळपर्यंत तीन पेठांत बातमी पोचली की ओव्हाळबाईंनी गोष्ट घरी बसून रचली. पुण्यात पाणी पोचायला वेळ लागतो, बातमीला नाही.

मंगळवारी सकाळी प्रेमला दांडेकरांना मंडळातून फोन आला. प्रेमलाबाई सहासष्ट वर्षांच्या. तीस वर्षं त्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागात होत्या आणि त्यांतली बावीस त्यांनी एकच काम केलं होतं, कॉपी पकडण्याचं. मिथकांबद्दल त्यांना काडीचीही माहिती नव्हती. बहुधा म्हणूनच त्यांना बोलावलं होतं.

"फार काही करायचं नाही," त्या मंडळात पोचल्यावर तिथले संचालक डॉ. श्रीनिवास करमरकर म्हणाले. "दोन ओळींचा अहवाल हवाय. मुलीचा माफीनामा तयार आहे. शुक्रवारी तिने सही केली की विषय संपला. नाही केली तर मार्गदर्शक म्हणून मी तिची नोंदणी रद्द करायला लिहीन. चार वर्षं गेली तिची, वाईट वाटतं."

"निकाल लागलाय तर परीक्षा कशाला घेताय?" प्रेमलाबाईंनी विचारलं.

करमरकर हसले. एकाहत्तर वर्षांचा, ताठ, देखणा माणूस. चाळीस वर्षांपूर्वीच्या एका पुस्तकावर त्यांचं सगळं नाव उभं होतं.

तेवढ्यात दार ढकलून आम्रपाली आत आली. टेबलावरचा माफीनामा तिने उचलला, वाचला, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'सही करणार नाही.' खाली तारीख घातली.

"याची झेरॉक्स काढून ठेवा," ती म्हणाली. "पुरावा हरवायची सवय आहे इथे."

प्रेमलाबाईंना ती मुलगी तिथेच आवडली. पण आवडलेली मुलंही कॉपी करतात, हे त्यांना बावीस वर्षांनी शिकवलं होतं.

२

"मला दुसरीतल्या मुलीला सांगावं तसं सांग," मंडळाच्या वाचनकक्षात बसल्यावर प्रेमलाबाई म्हणाल्या. "मिथक म्हणजे खोटी गोष्ट ना?"

"बाहेर सगळे तसंच म्हणतात. आमच्याकडे उलट. जी गोष्ट सांगणारे खरी मानतात, पवित्र मानतात, ती मिथक. ती करमणुकीसाठी कधीही, कुठेही सांगत नाहीत. ठरल्या दिवशी, ठरल्या माणसाने, ठरल्या लोकांसमोर सांगायची. जग आजच्यासारखं नव्हतं तेव्हाची गोष्ट असते ती, आणि आज जग असं का आहे ते सांगते."

"तू मानतेस?"

"मी बौद्ध आहे. आमच्या घरी आजोबांनी छप्पन साली देव्हारा रिकामा केला. सर मला पहिल्याच वर्षी म्हणाले होते, तुम्हा लोकांना देवदेवता नकोत, मग हा विषय कशाला? मी म्हटलं, मला त्या गोष्टीतून काही मागायचं नाही, म्हणून मला ती नीट वाचता येते. तेव्हापासून आमचं असंच आहे."

मग तिने सांगायला घेतलं. मांजरीच्या पुढे उसाच्या शेतांत बाहुळवाडी नावाचं गाव आहे. नव्या सोसायट्यांचे टॉवर आता त्याच्या वेशीवर आले आहेत. गावात जुनं तळं. दर वैशाखी अमावास्येला, तळं आटलेलं असताना, गाळ काढण्याआधी सकाळी तळ्याच्या मधोमध बायका बसतात आणि त्यांच्यातली सगळ्यात थोरली बाई जग कसं झालं ते सांगते. पुरुषांनी बांधावर थांबायचं. बघायची मुभा, ऐकायची नाही. आम्रपाली सलग तीन वर्षं गेली, तेव्हा कुठे मैनाबाईंनी, गोष्ट सांगणाऱ्या त्या थोरल्या बाईंनी, तिला ध्वनिमुद्रण करू दिलं. अट एकच घातली. प्रत एकच, ती कुलपात, आणि गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने छापायची नाही. अमावास्येशिवाय ती सांगायचीच नसते.

"म्हणून तुझ्याकडे दुसरी प्रत नाही. मोबाइलमध्येसुद्धा?"

"शब्द दिला होता."

प्रेमलाबाईंनी नोंद केली. या वयाची, मोबाइलमध्ये प्रत न ठेवणारी मुलगी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली होती.

"आणि ती दोन वाचनं?"

"एक कार्यवाद्यांचं. ते विचारतात, ही गोष्ट समाजात काम काय करते? त्यांच्या मते निर्मितिकथा म्हणजे सनद असते. कोणाचा हक्क, कोणाचा मान, कोणता विधी, या सगळ्याला ती आधार देते. म्हणून ती कोण सांगतं, कधी, कोणासमोर, हे बघितल्याशिवाय नुसत्या शब्दांना किंमत नाही. सरांचं पुस्तक या पद्धतीचं. बाहुळवाडीच्या पाटलांकडेही एक कथा आहे. त्यांच्या पूर्वजाने पाण्याला पहिला बांध घातला आणि जमीन वर आली. म्हणून तळं भरलं की पहिलं पाणी पाटलांचं. सरांनी मांडलं की गाव एक, कथा एक, सनद एक."

"आणि दुसरं?"

"संरचनावाद्यांचं. ते म्हणतात, अर्थ एकेका घटनेत नसतो, घटनांच्या आपसातल्या नात्यांत असतो. गोष्टीचे लहानात लहान तुकडे करायचे, एकेका वाक्याचे. एकाच जातीच्या घटना एकाखाली एक मांडायच्या. मग दिसतं की कथा एखाद्या विरोधाशी झुंजते आहे, जीवन आणि मरण, कच्चं आणि शिजलेलं, आणि मध्ये काहीतरी आणते जे दोन्हीकडचं असतं. आणखी एक, त्यांच्यात खरी प्रत आणि खोटी प्रत असं काही नसतं. कथेची जेवढी रूपं मिळतील तेवढी सगळी धरायची."

"हा तुझा तक्ता?" प्रेमलाबाईंनी लेखाचं नववं पान पुढे केलं. तीन स्तंभ, त्यांच्यामध्ये जाड उभ्या रेघा. मथळे होते 'ओलं', 'कोरडं', 'चिखल'. प्रत्येकाखाली तीन घटना.

ओलं : सगळीकडे पाणीच पाणी. दोघी बहिणी रडतात आणि पाणी पुन्हा चढतं. पाणी बांध फोडतं.

कोरडं : थोरली निखारा टाकते, पाणी आटतं. थोरली दगडांचा बांध घालते, पलीकडे सगळं सुकतं. माणसं तहानेने तडफडतात.

चिखल : खेकडा तळातून गाळ आणतो. धाकटी गाळ खाते, तिला माणसं होतात. धाकटी गाळ उपसून तळं करते.

"चिखल पाणीही नाही आणि जमीनही नाही," आम्रपाली म्हणाली. "तो मधला. ओल्यात बुडतात, कोरड्यात मरतात, जगतात ते चिखलात. आणि शेवटी पहिलं पाणी गाळ उपसणाऱ्यांचं. पाटलांच्या कथेत बांध जग तारतो, बायकांच्या कथेत बांध जग मारतो. एकाच कथेची दोन उलटी रूपं. मग कार्यवाद्यांचाच प्रश्न विचारायचा, सनद आहे मान्य, पण कोणाची? गाव एक असेल, सनदा दोन आहेत. माझा लेख एवढाच."

"म्हणजे करमरकरांच्या चाळीस वर्षांवर पाणी."

"मी तसं लिहिलेलं नाही. मी नम्रपणे लिहिलंय."

प्रेमलाबाईंनी पाकिटातले दोन कागद तिच्यासमोर सरकवले. सोमवारी ते तिला हातात घेऊ दिले नव्हते. आम्रपालीने पहिला कागद वाचला, दुसऱ्याच्या मध्यावर आली, आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं?"

"यात एक गोष्ट आहे... ती कोणालाच माहीत असू शकत नाही."

"कोणती?"

"सांगणार नाही."

"अगं, तुझी चार वर्षं जाताहेत."

"जाऊ देत. सांगणार नाही."

३

बुधवारी प्रेमलाबाईंनी तिघांना स्वतंत्रपणे गाठलं. पाकीट खालच्या बाजूने उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं, आणि कपाटाची किल्ली गेल्या महिन्यात तिघांच्याच हाती आली होती.

सुरुची मंडळाची ग्रंथपाल. पस्तिशीची, कामाला वाघ, आणि आम्रपालीवर उघड खार खाऊन. "तिला वाटतं तिच्याइतकं शहाणं कोणी नाही. पुस्तकं परत करताना 'थँक्स' म्हणते, 'सुरुचीताई' म्हणत नाही. लेख वाचलाय का? अहो, मला रजिस्टर लावायला वेळ नाही. तक्ता बघितला, बाजारात न्यायच्या यादीसारखा वाटला."

"ती यादी वाचून मला गोष्ट सांगता?"

सुरुचीने पान घेतलं आणि बोटाने वरून खाली येत सांगितली. आधी ओल्याच्या तीन घटना, मग कोरड्याच्या, मग चिखलाच्या.  प्रेमलाबाईंनी वहीत फक्त एक उभी रेघ ओढली.

सलिल मंडळाचा तरुण संशोधक आणि वार्षिकाचा सहसंपादक. पूर्वी हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये होता, आता मिथकांच्या आकृत्या काढतो. पाकीट त्यानेच उघडलं होतं. "मॅम, ऑनेस्टली, मला तिचा लेख आवडला नाही. स्ट्रक्चरला तिने फंक्शनच्या गोठ्यात बांधलंय. पण डेटा फेक करणं? इट्स नॉट हर. आणि तिचा तक्ता मीच काढून दिला ना, त्या जाड रेघा माझ्या."

"मग गोष्ट सांग."

सलिलने पान आडवं वाचलं. "सिंपल आहे. या तक्त्यात रांगेत डावीकडून उजवीकडे वाचलं की गोष्ट मिळते, स्तंभात वरून खाली वाचलं की अर्थ मिळतो. पद्धतीचा पहिला धडा आहे हा. आधी पाणी, मग निखारा, मग खेकडा गाळ आणतो. पुन्हा रडून पाणी, मग बांध, मग गाळ खाऊन माणसं. मग बांध फुटतो..."

"थांब," प्रेमलाबाई म्हणाल्या.

त्यांनी पाकिटातले कागद पुन्हा उघडले आणि बोट ठेवून वाचू लागल्या. पाणीच पाणी होतं. बहिणी रडल्या. पाण्याने बांध फोडला. मग निखारा पडला. मग थोरलीने बांध घातला.

घातलाच नव्हता तो बांध फुटला होता.

"आदिकथेत काहीही होतं असं सोमवारी सर म्हणाले," सलिल पुटपुटला. "टाइम सरळ नसतो वगैरे."

"काळ वाकडा असेल हो. पण मी 'जोड्या लावा'च्या प्रश्नात अशी शंभर पोरं पकडली आहेत. शेजारच्याच्या पानावरून आडवं उतरवायचं ते उभं उतरवतात." प्रेमलाबाईंनी चष्मा काढला. "बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात. चोर चुकीवरून सापडतो. हे कागद ध्वनिमुद्रण ऐकून लिहिलेले नाहीत. ते आम्रपालीच्याच तक्त्यावरून उतरवलेत, आणि उतरवणाऱ्याला तक्ता वाचता येत नव्हता."

सलिल सुटला. उरले दोघे. आणि त्यांच्यातली एक प्रेमलाबाईंसमोरच ती चूक करून बसली होती.

४

करमरकरांनी चहा मागवला. मंडळाचा चहा नेहमी अर्धाच कप येतो, प्रेमलाबाईंना संचालकांच्या पाहुण्या म्हणून पाऊण आला.

"तुम्ही लेख वाचलात?"

"माझा भाग बारकाईने वाचला. संरचनेची पानं मी उलटली. तरुणपणी शपथ घेतली होती, जिवंत माणसांच्या कथांचं गणित करणाऱ्यांना वाचायचं नाही म्हणून. ती पाळली." त्यांनी आपली प्रत दाखवली. सनदेच्या चर्चेवर पेन्सिलीच्या खुणाच खुणा, आणि मधली अकरा पानं कोरी करकरीत. "गोष्टीत काय आहे याला महत्त्व नाही हो, दांडेकरबाई. ती काय काम करते ते बघायचं. कोण सांगतं, कुठे बसून, काय खाऊन, काय न खाऊन. शब्द कोणीही रचेल. प्रसंग रचता येत नाही."

"या कागदांवरचा प्रसंग कसा वाटतो?"

"अप्रतिम. वैशाखी अमावास्या, उपाशीपोटी सांगणं, लेकुरवाळ्या बायका पुढे, विधवाही बरोबरीने बसलेल्या. एकही चूक नाही. म्हणून तर म्हणतो, खरं ते हेच. लेखात तिने शेवट फिरवला."

खाली येताना प्रेमलाबाई जिन्यात थांबल्या. शब्दांत धडधडीत चूक, प्रसंगात एकही नाही. लिहिणाऱ्याला रचना कळत नव्हती, पण त्या सकाळी तळ्यात काय होतं ते त्याला मुलीच्या लेखात होतं त्यापेक्षाही जास्त माहीत होतं. आणि त्यातलीच कुठली तरी गोष्ट वाचून मुलगी पांढरी पडली होती.

आम्रपाली सांगणार नव्हती. मग जिने शब्द घेतला होता तिलाच विचारायला हवं होतं.

५

गुरुवारी दुपारी प्रेमलाबाई रिक्षाने बाहुळवाडीला पोचल्या. मैनाबाई तळ्याच्या काठी कांद्याच्या पाती निवडत बसल्या होत्या. सत्तरीच्या, बारक्या, आवाज मात्र अख्ख्या आळीला पुरेल असा.

"पोरगी माफी मागनार हाय का?" त्यांनी आधी तेच विचारलं; माफीची बातमी गावापर्यंत पोचली होती.

"नाही म्हणते."

"मग ठीक हाय. बसा."

कार्ड नाहीसं झाल्याचं प्रेमलाबाईंनी जपून सांगितलं. मैनाबाईंनी पातीची जुडी बाजूला ठेवली.

"गेलं तर गेलं. गोष्ट काय त्या कार्डात हुती व्हय? माज्या सासूनं मला दिली, मी सुनंला दिली. पुढल्या अवसेला पुन्हा सांगंल. पर ज्यानं नेलं त्यानं तोंड दावावं म्हनावं."

प्रेमलाबाईंनी कागद वाचून दाखवले. शेवटी 'पहिलं पाणी बांध घालणाऱ्याचं' हे ऐकताच मैनाबाई हसल्या, आणि नंतर एका वाक्यावर हसू थांबलं. 'कथनकर्तीने सुरुवातीपासून उजव्या मुठीत तळ्याचा ओला गाळ धरला होता.'

"ह्ये पोरीनं लिवलं?"

"तिच्या लेखात नाही. तिने मलासुद्धा सांगितलं नाही."

"न्हाईच सांगनार. मीच म्हनलं हुतं, गोष्टीचं काय लिवायचं ते लिव, पर मुठीचं लिवू नको. त्यो गाळ आमचा गुरू हाय." मैनाबाईंनी हात पदराला पुसले. "बाई, मी माज्या तोंडानं सांगतेय, तर तुमी ते वापरा. पोरीचं नुकसान व्हाया नगं. मुठीचा आवाज येतो का कार्डात? न्हाई. ज्यानं डोळ्यानं बघितलं त्यालाच ठावं."

"कोणी बघितलं असेल?"

"चाळीस वर्सांखाली एक सायेब यायचा. सासू सांगायची तवा. तीन अवसा वळीनं. उन्हात बांधावर हुबा, हातात वही. लई विनवायचा, जरा ऐकू द्या म्हनून. सासू म्हनली, बापयानं ऐकायचं न्हाई. मग त्यानं पुस्तक काढलं. मास्तरांनी वाचून दावलं आमाला." त्यांनी पात पुन्हा हातात घेतली. "त्यात लिवलंय, या गावच्या बायकांकडं जगाच्या उत्पत्तीची गोष्टच न्हाई. निस्ता उपास करत्यात म्हनं."

प्रेमलाबाईंना एकदम राग आला, आणि तो खूप वर्षांनी आला म्हणून बरंही वाटलं.

६

शुक्रवारी अकरा वाजता वाचनकक्षात पाच जण बसले. करमरकरांनी माफीनाम्याची नवी प्रत आणि चांगलं पेन टेबलावर ठेवलं होतं. आम्रपालीने पेनाकडे पाहिलंही नाही.

"अहवाल दोन ओळींचा मागितला होता," प्रेमलाबाई म्हणाल्या, "थोडा लांबला. हे कागद आम्रपालीचे नाहीत. का, ते तिच्याच लेखाने मला शिकवलं. तिने एका कथेला दोन प्रश्न विचारले. मी या कागदांना तेच दोन विचारले.

"पहिला प्रश्न रचनेचा. तुकडे कसे जोडलेत? तर बांध घालण्याआधी फुटलाय. तक्ता आडवा वाचायचा तो कोणीतरी उभा वाचला. आम्रपालीने गोष्ट कानांनी ऐकली आहे, सलिलने तक्ता काढला आहे, ते दोघे ही चूक करणार नाहीत. सुरुची करेल, तिने माझ्यासमोर केली. डॉ. करमरकरही करतील, कारण तक्ता कसा वाचायचा ते सांगणारी पानं त्यांनी शपथेपोटी वाचलेली नाहीत."

सुरुची ताडकन उठली. "मी कपाटाला हात लावला नाही!"

"बसा. दुसरा प्रश्न कार्यवाद्यांचा. कोणी सांगितली, कधी, कशी? इथे कागद अचूक आहेत, गरजेपेक्षा जास्त. त्यांत मुठीतला गाळ आहे. तो लेखात नाही, ध्वनिमुद्रणात ऐकू येत नाही, आणि आम्रपालीने दिलेला शब्द पाळून तो वगळला होता. सुरुची कधी बाहुळवाडीला गेलेली नाही. बांधावर तीन वैशाख उभं राहून जो बघत होता त्यालाच तो ठाऊक. रचनेच्या प्रश्नाने सलिल सुटला, प्रसंगाच्या प्रश्नाने सुरुची. दोन्ही प्रश्नांनंतर इथे एकच माणूस उरतो."

कोणी त्या माणसाकडे पाहिलं नाही. त्याची गरज नव्हती.

"कार्ड ऐकलंत तरी का, सर?" आम्रपालीने विचारलं. "ऐकलं असतंत तर क्रम चुकला नसता."

 करमरकर म्हणाले, "नाही. मोडून मुठा नदीत टाकलं. ऐकायची गरजच वाटली नाही. कथेत काय असतं याने काय फरक पडतो..." त्यांनी माफीनामा जवळ ओढला. "तीन वर्षं गेलो मी. डोक्यावर ऊन, वीस हातांवर त्या बसलेल्या, आणि एक शब्द ऐकू येईना. मला नाकारलं गेलं. मी काय लिहायला हवं होतं?"

"'मला ऐकू दिलं नाही' एवढं लिहायचं होतं," आम्रपाली म्हणाली. "तुम्ही लिहिलंत, त्यांच्याकडे काही नाही. चाळीस वर्षं मुलं ते पाठ करताहेत. मीही पाठ केलं होतं."

करमरकरांनी माफीनामा फाडला.  "ठीक आहे. लेख जसाच्या तसा छापू. तुझी नोंदणी राहील, दुसरा मार्गदर्शक मिळेल. मी प्रकृतीच्या कारणाने पद सोडतो. हे दोन कागद मात्र आत्ता नष्ट करू या. मंडळाच्या नावासाठी. सगळ्यांच्याच भल्याचं आहे."

सलिलने मान हलवली, सुरुचीनेही. प्रेमलाबाईंना वाटलं, चला, मुलीचं काम झालं, वाद कशाला वाढवा. आणि लगेच त्यांना स्वतःची लाज वाटली.

आम्रपालीने दोन्ही कागद उचलून आपल्या फाइलमध्ये ठेवले.

"हे लेखात जाणार आहेत."

"काय?"

"पद्धतीचा नियम आहे, सर. कथेची जेवढी रूपं मिळतील तेवढी सगळी धरायची, खरं-खोटं करायचं नाही. बाहुळवाडीच्या निर्मितिकथेची आजवर दोन रूपं होती, पाटलांचं आणि बायकांचं. आता तिसरं मिळालंय, बांध फुटल्यावर घालणारं. आणि तुमचाही नियम मी पाळणार आहे. ही कथा कोणाच्या कामाची, कोणत्या हक्काची सनद, हेही लिहीन. पाणी कोणाचं हे ती सांगत नाही. खुर्ची कोणाची हे सांगते."

"माझं नाव येईल त्यात."

"दोन्ही पद्धतींत येतं. तुम्हीच शिकवलंत, सांगणाऱ्याचं नाव-गाव नसेल तर ती नोंद कचऱ्यात टाकायची."

 आम्रपालीने फाइलमधून कोरा नोंदतक्ता काढला, मंडळाचाच छापील, आणि टेबलावरचं ते चांगलं पेन उचललं. माफीसाठी ठेवलेल्या पेनाने ती ओळीने भरू लागली. कथेचा प्रकार, निर्मितिकथा. स्थळ, नारायण पेठ, पुणे. ऐकणारे, चार. कथनकर्ता, श्रीनिवास करमरकर.

वयाच्या रकान्यापाशी ती थांबली.

"एकाहत्तर पूर्ण का चालू, सर?"